नाडीची वही: गरोदरपणात ठोके कसे मोजायचे आणि डॉक्टरांना फोन कधी करायचा

गरोदर असल्याचं कळलं की एक छोटी वही बाजूला काढून ठेवा. फोनमध्ये नोंद ठेवलीत तरी चालेल, पण रात्री दोन वाजता घरातल्या दुसऱ्या कुणालाही ती उघडून वाचता आली पाहिजे. पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा. गरोदरपणाआधी तुमची नाडी साधारण किती असायची, सध्या कोणती औषधं चालू आहेत, आणि दवाखाना बंद असताना कुठल्या नंबरवर फोन करायचा. हा नंबर पहिल्याच भेटीत विचारून घ्या. त्याच वेळी, "माझ्या बाबतीत नाडी किती झाली की तुम्हाला कळवू?" हेही विचारा. हृदयाचा जुना आजार, थायरॉइड किंवा जुळी बाळं असतील, तर पुढे मी देतेय त्या आकड्यांपेक्षा डॉक्टरांनी सांगितलेला आकडा खरा. बीपीसाठी लॅबेटॅलॉलसारखी गोळी चालू असेल तर ते ठळक लिहा, कारण ही गोळी ठोके कमी ठेवते. आतून काही बिघडलं तरी नाडी हवी तेवढी वाढत नाही आणि आकडा फसवतो.

आता मोजण्याची रीत. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा-कॉफी घ्यायच्या आधी, खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. तळहात वर करून मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवा. अंगठ्याने मोजू नका, त्यात त्याचीच नाडी जाणवते. पूर्ण 60 सेकंद मोजा. 15 सेकंद मोजून चारने गुणायची सवय बऱ्याच जणींना असते, पण त्यात एक ठोका चुकला की उत्तर चारने चुकतं. शिवाय पूर्ण मिनिट बोट ठेवलं की लयही कळते: ठोके घड्याळासारखे एकसारखे पडताहेत की मध्येच एखादा गाळला जातोय. आकड्याशेजारी तारीख, कितवा आठवडा आणि लय कशी होती ते लिहा. आठवड्यातून दोन-तीनदा एवढं पुरे. तासातासाला मोजत बसलं की जीव घाबरतो आणि त्या घाबरण्यानेच नाडी वाढते.

स्मार्टवॉच असेल तर वापरा, पण ते 'विश्रांतीचे ठोके' म्हणून जो आकडा दाखवतं तो झोपेतल्या आणि दिवसभरातल्या नोंदींवरून काढलेला असतो. खुर्चीत बसून मोजलेल्या आकड्यापेक्षा तो बहुधा कमी येतो. दोन्हींची सरमिसळ केली तर काल 74 आणि आज 88 असं दिसून उगाच धसका बसेल. पट्टा सैल असला किंवा चालता-चालता पाहिलं तर घड्याळ पावलांचा तालसुद्धा ठोके म्हणून मोजतं. घड्याळाने भीतिदायक आकडा दाखवला की आधी बसा आणि बोटांनी मोजा.

पहिल्या तिमाहीत नाडी बऱ्याच जणींच्या अपेक्षेच्या आधी बदलते. पोट दिसायला अजून महिने असतात, पण रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात आणि त्या भरलेल्या ठेवायला हृदय लवकर लवकर चालू लागतं. त्यातच उलट्या सुरू असतील तर अंगातलं पाणी कमी होऊन नाडी आणखी चढते. म्हणून या तीन महिन्यांत वहीत एक जास्तीचा रकाना ठेवा: आज पाणी पोटात टिकलं का, लघवी किती वेळा झाली, तिचा रंग कसा होता. लघवी गडद आणि थोडी, उभं राहिलं की घेरी, आणि नाडी नेहमीपेक्षा 20 ने वर, असं तिन्ही एकत्र आलं तर त्याच दिवशी फोन करा. सलाईन लागेल का ते डॉक्टर ठरवतील. या काळात गरोदरपणाचं संप्रेरक थायरॉइडलाही थोडं चेतवतं. हात थरथरणं, वजन घटणं आणि सतत धडधड असेल तर तेही सांगा.

दुसऱ्या तिमाहीत अंगातलं रक्त वाढत जातं. शेवटापर्यंत ते जवळजवळ दीडपट होतं. रक्तातलं पाणी तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतं, म्हणून हिमोग्लोबिन खाली येतं. ते फारच खाली गेलं तर तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. नाडी हळूहळू, आठवड्यांगणिक चढत असेल आणि जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागत असेल, तर पुढच्या तपासणीला वही दाखवून रक्त तपासायला सांगा. त्यासाठी रात्री फोन करायची गरज नसते. साधारण विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर झोपून मोजू नका. वाढलेलं गर्भाशय मागच्या मोठ्या शिरेवर रेलतं, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, घाम सुटतो, नाडी धावते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. डाव्या कुशीवर वळलं की काही मिनिटांत उतरणारी ही धडधड आजाराची नसते.

तिसऱ्या तिमाहीत नाडी सगळ्यात वर असते. इंग्लंडमध्ये निरोगी गरोदर स्त्रियांच्या नोंदींवरून 2020 मध्ये आलेल्या एका अभ्यासात मधला आकडा बाराव्या आठवड्यात 82 होता आणि चौतिसाव्याच्या सुमाराला 91 पर्यंत चढला. मला त्यातली टोकं जास्त महत्त्वाची वाटतात. चौतिसाव्या आठवड्यात 68 ठोकेवालीही निरोगी होती आणि 115 वालीही. म्हणून 'शंभरच्या वर म्हणजे आजार' हे गरोदरपणात सरसकट खरं नाही, आणि 'एकशेवीसच्या आत म्हणजे ठीक' हेही नाही. ज्या बाईची नाडी महिनोन्‌महिने 72 होती तिला 106 म्हणजे मोठी उडी आहे. ती उडी फक्त तिच्या वहीतच दिसते.

माझ्या धाकट्या बहिणीचं एकतिसाव्या आठवड्यातलं पान माझ्याकडे अजून आहे. सोमवारी 88, गुरुवारी 90, शनिवारी सकाळी 106. ती म्हणाली, "ताई, झोप नीट झाली नाही म्हणून असेल." मी तिला दोन पेले पाणी प्यायला सांगितलं, अर्धा तास डाव्या कुशीवर पडून मग बसून पुन्हा मोजायला सांगितलं. आकडा आला 108. ताप मोजला तर 99.6, म्हणजे ताप म्हणावा असाही नाही. मग मी एकेक विचारत गेले. छातीत दुखतंय? नाही. दम? नाही. रक्त जातंय? नाही. लघवीला जळजळ? "थोडी, कालपासून. आणि उजवीकडे पाठीत ठणकतंय, पण ते पोटाच्या वजनाने असेल." मी म्हटलं, आत्ता फोन कर. तिने वही समोर धरून सांगितलं, "एकतिसावा आठवडा आहे. माझी बसलेली नाडी 88 ते 90 असते, आज दोनदा 106 आणि 108 आली, पाणी पिऊन आणि विश्रांती घेऊनही उतरली नाही. लघवीला जळजळ आणि उजव्या बाजूला पाठदुखी आहे." डॉक्टरांनी लगेच बोलावलं. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. संध्याकाळी तिला थंडी वाजून 102 ताप आला, तेव्हा ती दाखल होती आणि शिरेतून प्रतिजैविक सुरू झालं होतं. तिसऱ्या दिवशी नाडी 91 झाली. नाडी तापाच्या कितीतरी तास आधी बोलली होती.

या घटनेनंतर मी तिच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर जे लिहून दिलं तेच इथे देते. शांत बसून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजल्यावरही नाडी 120 च्या वर असेल, तर बाकी काही त्रास नसला तरी लगेच फोन. 100 ते 120 मध्ये असेल, किंवा स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा 20 च्या आसपास वर असेल, तर पाणी, विश्रांती, तासाभराने पुन्हा मोजणी. तरी उतरली नाही तर त्याच दिवशी फोन. ताप, जळजळ, उलट्या, पोटात दुखणं असं काही सोबत असेल तर तो तासही थांबायचं नाही. 50 च्या खाली आली तर पुन्हा मोजून फोन, आणि सोबत घेरी असेल तर ताबडतोब. जिची नाडी व्यायामामुळे आधीपासूनच पन्नाशीत असते तिने हे पहिल्या भेटीतच सांगून ठेवावं. बसल्या जागी एकाएकी बटण दाबल्यासारखी 150 च्या पुढे धावू लागली आणि थांबेना, तर दवाखाना गाठायचा. आपोआप थांबली तरी किती वाजता सुरू झाली, किती वेळ चालली हे लिहून त्याच दिवशी कळवायचं. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं गरोदरपणात पुष्कळ जणींना होतं आणि बहुधा निरुपद्रवी असतं, पण पूर्ण मिनिटभर लय वेडीवाकडीच लागली तर तोही फोनचा विषय.

आकडा न बघता थेट निघायचं असेही प्रसंग आहेत. छातीत दुखणं, बसल्या जागी दम, शुद्ध हरपणं, खोकल्यातून रक्त, अंगावरून रक्त जाणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं, ओठ निळसर पडणं. घरी ऑक्सिमीटर असेल आणि बोट गरम असताना, नखाला रंग नसताना तो 95 पेक्षा कमी दाखवत असेल, तर तेही यातच. रक्त जात असेल तेव्हा बीपी चांगलं आहे म्हणून थांबू नका. गरोदर स्त्रीचं बीपी बराच वेळ तग धरतं आणि नाडी आधी वाढते. अशा वेळी स्वतः गाडी चालवायची नाही, म्हणून कोण घेऊन जाईल त्याचं नावही पहिल्या पानावर हवं.

बाळाचे ठोके ही वेगळी गोष्ट. ते मिनिटाला साधारण 110 ते 160 असतात, तुमच्या नाडीशी त्यांची तुलना नाही. घरी डॉप्लर आणून ते शोधू नका, असं मी आग्रहाने सांगते. त्यात आईचीच नाडी बाळाची म्हणून ऐकू येते आणि खोटा दिलासा मिळतो. बाळाची हालचाल कमी वाटली तर मोजत न बसता फोन करायचा.

बाळंतपणाच्या पिशवीत ही वही टाका आणि घरी परतल्यावर ती बंद करू नका. नाडी काही आठवड्यांत हळूहळू जुन्या आकड्यावर येते. मात्र हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा एक आजार गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत उद्भवू शकतो, आणि त्याची सुरुवात जागरणाच्या थकव्यासारखीच दिसते. आडवं पडलं की दम लागून उठून बसावं लागणं, उशा वाढवाव्या लागणं, रात्री कोरडा खोकला, पावलांवर वाढती सूज आणि बसून मोजलेली नाडी 110 च्या घरात. असं दिसलं तर वही घेऊन त्याच दिवशी जा, बाळाला कितवा महिना आहे ते सांगा आणि ईसीजी व टूडी इको करायचा का, हे विचारा.