पटकथा नवी, कागद जुना: निर्मात्याकडे जाण्याआधी या चुका टाळा

मोरेवाडीला चित्रनगरीत एखाद्या मोठ्या युनिटचं शूटिंग लागलं की कोल्हापुरातल्या होतकरू लेखकांची धावपळ सुरू होते. निर्माता दोन दिवस गावात आहे, कुणीतरी भेट घालून देतो म्हणालंय, मग रात्रीत पटकथेच्या सारांशाचं एक पान तयार होतं. अशी पानं माझ्याकडे वाचायला येतात. पटकथा बहुतेकदा बरी असते, कारण तिच्यावर वर्षभर काम झालेलं असतं. पान मात्र त्या पटकथेचं नसतंच. ते पहिल्या खर्ड्याच्या वेळी लिहिलेलं असतं आणि आता त्यात फक्त डागडुजी केलेली असते.

पुनर्लेखनानंतर जुनाच सारांश दुरुस्त करून पुढे करणं ही मला सगळ्यात महाग पडणारी चूक वाटते. एका पोराचं उदाहरण सांगतो. त्याच्या गोष्टीचा तपशील त्याला विचारूनच देतोय.

पहिल्या खर्ड्यात पुण्याची नोकरी सुटलेला तरुण गावी येतो आणि वडिलांचं बंद पडत चाललेलं गुऱ्हाळ सावरतो, अशी गोष्ट होती. पुनर्लेखनात लिहिणाऱ्या पोराला उमगलं, की गुऱ्हाळावरचा म्हातारा गुळव्याच खरा नायक आहे. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलीत साखर ओतायला तो नकार देतो, आणि ती ओतायला लावणारा म्हणजे हाच पुण्याहून आलेला मालकाचा पोरगा. म्हणजे आधीचा नायक आता विरोधात उभा राहिला. बदल धाडसाचा होता आणि पटकथा त्याने उभी राहिली.

भेट राजारामपुरीत एका ऑफिसात होती. ओळख माझी असल्यामुळे मी सोबत होतो. निर्मात्याने पान वाचलं, मग पटकथेची पहिली दहा-बारा पानं शांतपणे वाचली आणि दोन्ही शेजारी ठेवून म्हणाला, "कागदावर पोरगा हाय, पटकथेत म्हातारा हाय. मी पैसं कुणावर लावू, सांगा?" पोरगं समजावून सांगायला लागलं. खरं तर ते उत्तर पानानेच द्यायला हवं होतं. चहा झाला, "बघू या" झालं आणि पुढे फोन आला नाही.

नंतर आम्ही ते पान तपासलं. गुळव्या तिसऱ्या परिच्छेदात पहिल्यांदा येत होता. पहिले दोन परिच्छेद मालकाच्या पोराच्या पुण्यातल्या दिवसांवर होते आणि ती दृश्यं पटकथेतून कधीच गेली होती. लॉगलाइन, म्हणजे एका वाक्यात सांगितलेली गोष्ट, तर शब्दशः जुनीच: "शहरातली नोकरी गमावलेला सुशिक्षित तरुण गावी परतून वडिलांचं गुऱ्हाळ वाचवण्यासाठी झगडतो." मुळात 'झगडतो' या शब्दातून काहीच दिसत नाही. कुणाशी, काय करून, हरला तर काय जाणार, यातलं एकही त्यात नाही.

यावर माझी सवय सांगतो. जुन्या पानाची फाइल उघडायचीच नाही. नवी पटकथा घेऊन वहीत दृश्यांची यादी करायची, एका दृश्याला एक ओळ. दोन तासांच्या चित्रपटाला साधारण साठ-सत्तर ओळी होतात. ज्या दृश्यानंतर माघार घेता येत नाही, अशा दृश्यांवर खूण करायची. त्या खुणा आठ-दहाच्या वर जात असतील तर कठोरपणे कमी करायच्या. मग वही मिटून गोष्ट त्या खुणांच्या क्रमाने लिहून काढायची. लिहून झालं की पानातल्या प्रत्येक वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने दृश्याचा क्रमांक घालायचा. ज्या वाक्याला क्रमांक सापडत नाही, ते जुन्या खर्ड्यातून आलेलं असतं. ते काढून टाकायचं, कितीही देखणं असलं तरी.

या कामाला एक अख्खी संध्याकाळ जाते. तेवढा धीर नसलेल्यांनी भेट पुढे ढकलावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेन्सिलीच्या या तपासणीत हमखास पकडली जाते ती पूर्वकथा. पटकथेतून आपण ती कापलेली असते, पण मनातून सुटलेली नसते, म्हणून ती सारांशात परत शिरते. या पोराच्या पानात गुळव्याच्या बायकोचं आजारपण सहा ओळी खात होतं. पडद्यावर त्यातलं काहीच दिसणार नव्हतं. निर्माता मात्र ते दिसणार असं धरून चालतो आणि तेवढ्या खर्चाचा हिशोब मनात मांडतो.

लॉगलाइन सगळ्यात शेवटी लिहा, सारांश पक्का झाल्यावर. एक वाक्य, फार तर दोन, ३५ शब्दांच्या आसपास. पोराने नंतर केलेली लॉगलाइन अशी: "काहिलीत साखर ओतायला नकार देणारा म्हातारा गुळव्या तेच गुऱ्हाळ एका हंगामासाठी खंडाने घेतो, त्याच्या काळपट पण निर्भेळ गुळाला सौद्यात भाव मिळाला नाही, तर तारण ठेवलेलं नातीच्या नावचं शेत जाणार आहे." यात माणूस कळतो, तो काय करायला निघालाय ते कळतं, मुदत कळते आणि काय पणाला लागलंय तेही. नावं घातलेली नाहीत, कारण या टप्प्यावर नावापेक्षा 'म्हातारा गुळव्या' हे शब्द जास्त सांगतात.

दुसरा हट्टी दोष म्हणजे शेवट लपवणं. "गुळव्या जिंकतो का? पाहा पडद्यावर!" असली ओळ पोस्टरवर शोभते. निर्मात्याला शेवट ठाऊक नसेल तर गोष्ट पूर्ण होते की नाही हे तो ठरवणार कसा? सौद्याच्या दिवशी नेमकं काय घडतं, शेत राहतं की जातं, हे साध्या वर्तमानकाळात लिहा. त्यासाठी शेवटची पाच-सहा वाक्यं आधीच राखून ठेवा. बहुतेकांचं अर्धं पान सुरुवातीतच संपतं आणि मग उत्तरार्ध दोन ओळींत कोंबला जातो.

संवाद आणि कॅमेऱ्याच्या सूचना पानात नकोत. चारपेक्षा जास्त पात्रांची नावं नकोत. 'हृदयस्पर्शी', 'थरारक' ही विशेषणं तर मला दिसली की मी पहिल्यांदा खोडतो. अक्षर बारीक करून पान भरू नका. ए-फोरवर १२ पॉइंटमध्ये साडेतीनशे-चारशे शब्द बसतात, तेवढेच पुरे.

मराठी युनिकोडमध्येच टाइप करा आणि पीडीएफ पाठवा. जुन्या डीटीपी फाँटमधली वर्ड फाइल समोरच्याच्या मोबाइलवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात.

जुन्या खर्ड्याची नोंदणी झालीय म्हणून निर्धास्त राहू नका. ती नोंद त्याच मजकुराची असते, आणि कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, लिहिलेल्या मजकुराला मिळतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद असाल तर ऑनलाइन नोंदणी करता येते. नवी पटकथा आणि नवं पान दोन्ही नोंदवून मगच दाखवा.

शेवटचा मुद्दा, त्याच निर्मात्याने आधीचा खर्डा वाचला असेल तर. पानात "या वेळी मी असे बदल केले" असं लिहू नका. पान नव्या गोष्टीचंच असू दे. बदल सोबतच्या निरोपात सांगा, दोन वाक्यांत: "आता नायक गुळव्या आहे, मालकाचा मुलगा विरोधात आहे. पुण्याचा भाग पूर्ण काढला आहे." यातलं दुसरं वाक्य निर्माते लगेच वाचतात, कारण एक शहर कमी झालं की शूटिंगचे दिवस कमी होतात.