२६ ते २९ : तीन की चार?

गुहागरजवळ मामाच्या घरात चार खोल्या पर्यटकांना देतात. त्यांची बुकिंगची वही गेली काही वर्षं मी सांभाळतो. सुरुवातीच्याच एका डिसेंबरात फोन आला, "२६ ते २९, चार दिवस, एक खोली." मी वहीत नाव लिहिलं, पुढे "२६ ते २९" लिहिलं आणि मोकळा झालो. दुसऱ्या कुटुंबाला तीच खोली २९ पासून दिली. २९ च्या दुपारी दुसरे आले तेव्हा पहिले समुद्रावर गेले होते आणि त्यांचे ओले टॉवेल दांडीवर वाळत होते. त्यांच्या मते चौथा दिवस अजून संपायचा होता, आणि माझ्या मते ते सकाळीच निघायला हवे होते. त्या रात्री मामा-मामी ओटीवर झोपले आणि त्यांची खोली पाहुण्यांना गेली.

"२६ ते २९" मध्ये चूक नव्हती. काय मोजतोय, हे दोघांनीही ठरवलं नव्हतं.

पहिलं काम: खांब मोजायचे की गाळे, ते ठरवा

कुंपणाला चार खांब एका ओळीत रोवले तर मधले गाळे तीनच होतात. तारखांचंही असंच असतं. २६, २७, २८, २९ हे चार खांब झाले. २६ ची रात्र, २७ ची रात्र आणि २८ ची रात्र हे मधले तीन गाळे. पाहुणे त्या गावात चार तारखांना दिसले, पण झोपले तीनदाच. सहलीच्या जाहिरातीत "३ रात्री ४ दिवस" असं लिहितात, ते याच एका मुक्कामाचे दोन आकडे. त्यातला चार वाचून आपण खूश होतो, आणि पैसे तीनाने गुणून द्यायचे असतात.

खोली भाड्याने देणारा गाळे का मोजतो? कारण तारीख दोघांत वाटली जाते, रात्र वाटली जात नाही. सकाळी दहा-अकराला एक कुटुंब निघतं, मग चादरी बदलायच्या, न्हाणीघर धुवायचं, पाणी भरायचं. दुपारी एक-दोनला दुसरं कुटुंब येतं. म्हणजे २९ तारीख दोघांच्याही बिलावर दिसणार, एकाच्या निघण्याची म्हणून आणि दुसऱ्याच्या येण्याची म्हणून. २९ ची रात्र मात्र एकाचीच.

दिवस मोजले तर हिशेब कसा फसतो ते पाहा. समजा एका खोलीत पहिलं कुटुंब २६ ते २९ आणि दुसरं २९ ते ३१ राहिलं. दोन्ही टोकं धरून पहिल्यांचे दिवस चार, दुसऱ्यांचे तीन, बेरीज सात. पण २६ ते ३१ हे दोन्ही टोकं धरूनही सहाच दिवस होतात. सातवा दिवस म्हणजे दोनदा मोजलेली २९ तारीख. रात्री मोजल्या तर तीन अधिक दोन पाच, आणि २६ ते ३१ मध्येही पाचच रात्री. मुक्काम कितीही तोडा, कितीही जोडा, रात्रींची बेरीज जुळते. वही ठेवणाऱ्याला यापेक्षा वेगळं काही नको असतं.

दुसरं काम: वजाबाकी करा, आणि एक मिळवायचा का ते मग पाहा

रात्री हव्या असतील तर निघायच्या तारखेतून यायची तारीख वजा करायची, बस. २९ वजा २६, तीन. दिवस हवे असतील तर त्यात एक मिळवायचा. महिना बदलला की लोक बोटांवर मोजायला लागतात आणि तिथेच घसरतात. २९ डिसेंबर ते २ जानेवारी असेल तर डिसेंबरचे ३१ घ्या, त्यातून २९ वजा करा, दोन उरले, त्यात जानेवारीचे दोन मिळवा. चार रात्री. खात्री करायची असेल तर रात्रींची नावं घ्या: २९ ची, ३० ची, ३१ ची, १ ची. २ ची रात्र यादीत आली तर चुकलंच समजा, कारण तेव्हा पाहुणे घाटात असतील.

संगणकावर तक्ता ठेवत असाल तर A2 मध्ये यायची आणि B2 मध्ये निघायची तारीख लिहा:

```
=B2-A2
```

एक्सेल कधीकधी उत्तराच्या जागी १९०० सालातली एखादी तारीख दाखवतं. सूत्र बरोबर असतं, फक्त त्या चौकटीचं स्वरूप तारखेऐवजी साध्या आकड्याचं करायचं.

आपली जीभ उलटं मोजते

फोनवर गोंधळ होतो याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. "आठ दिवसांनी या" म्हटलं की सोमवारचा माणूस पुढच्या सोमवारी येतो, मंगळवारी नाही. मधे अंतर सातच दिवसांचं असतं, पण आपण आजचा दिवस धरून आठ म्हणतो. घरात कुणी गेलं तर तेरावा मोजतानाही गेल्याचा दिवस पहिला धरतात. ही दोन्ही टोकं धरणारी मोजणी आहे आणि तिच्या जागी ती बरोबरच आहे. दीड दिवसाच्या गणपतीचं तर मला फार कौतुक वाटतं. आज बसला, उद्या विसर्जन. तारखा दोन, रात्र एक, आणि लोकांनी मधला आकडा काढून भांडण मिटवलं.

गाळे मोजायची सवयही आपल्याकडे आहेच, नावातच आहे: नवरात्र. घटस्थापना प्रतिपदेला, दसरा दशमीला. दहातून एक गेला, नऊ रात्री. देवी घटस्थापनेला येते आणि दसऱ्याला उठते असं धरलं तर हे अगदी लॉजच्या हिशेबासारखं आहे. मात्र तिथीच्या नावाने मोजलं तरच. २०२५ मध्ये तिथीची वृद्धी झाली. घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि दसरा २ ऑक्टोबरला आला, म्हणजे तारखांच्या हिशेबाने दहा रात्री. त्या वर्षी कोल्हापूरला "नवरात्रभर" खोली हवी असं फोनवर सांगणाऱ्याने तारखा सांगितल्या नसत्या तर शेवटची रात्र रस्त्यावर काढली असती.

तिसरं काम: फोनवर आकडा सांगू नका, रात्री म्हणून दाखवा

मी आता "किती दिवस?" हा प्रश्न विचारतच नाही. विचारतो, "कुठल्या दिवशी पोचणार? आणि कुठल्या दिवशी सकाळी निघणार?" मग म्हणून दाखवतो, "म्हणजे २६, २७ आणि २८ अशा तीन रात्री, २९ ला सकाळी अकराला खोली सोडायची." वहीतही "२६ ते २९" न लिहिता २६, २७, २८ या तीन ओळींत नाव लिहितो. २९ ची ओळ कोरी राहते, पुढच्याला देता येते. बुकिंगच्या संकेतस्थळांवरून कॅलेंडरची फाइल येते तिच्यातही हीच रीत असते:

```
DTSTART;VALUE=DATE:20251226
DTEND;VALUE=DATE:20251229
```

यातली शेवटची तारीख धरायची नसते. कॅलेंडरमध्ये पट्टी २८ वर थांबलेली दिसली म्हणून कुणी हाताने २९ पर्यंत ओढू नये. ओढली की एक विकाऊ रात्र फुकट अडते.

पहाटेची गाडी

सगळ्यात जास्त वाद इथे होतात. पाहुणे २६ ला रात्री पुण्याहून बसतात आणि २७ ला पहाटे पाचला पोचतात. तारीख २७, म्हणून त्यांनी बुकिंग २७ पासून केलेलं असतं. पण रात्रीला नाव तिच्या संध्याकाळच्या तारखेचं असतं. पहाटे पाच ही २६ ची रात्र. खोलीत तेव्हा दुसरं कुणी झोपलेलं असतं आणि नवीन पाहुण्यांना दुपारी एकपर्यंत पडवीत बसावं लागतं. पोचल्या पोचल्या पलंग हवा असेल तर २६ ची रात्रही घ्यावी लागेल. ती घेतलीत तर पहाटे येणार हे आधी कळवा. नाहीतर २६ ला रात्री उशिरापर्यंत तुम्ही आला नाहीत म्हणून मालक खोली दुसऱ्याला देऊन टाकू शकतो. मध्यरात्रीनंतर एक वाजता पोचणाऱ्यालाही हाच नियम लागतो.

काही लॉज मात्र रात्री मोजतच नाहीत. पाटीवर "२४ तास चेक-आउट" लिहिलेलं असतं, तिथे घड्याळ चालतं. २६ ला रात्री नऊला चावी घेतली आणि २९ ला रात्री आठला परत दिली तर ७१ तास, म्हणजे तीन पाळ्यांचे पैसे. दहाला परत दिली तर ७३ तास होतात आणि चौथी पाळी सुरू झालेली असते. तारखा त्याच, बिल वेगळं. तिथे चावी घेतल्याची वेळ पावतीवर लिहून घ्यावी.

नियम कुठला, हे ओळखायचं कसं?

एखाद्या फॉर्मवर "पासून" आणि "पर्यंत" असे दोन रकाने दिसले की दोन्हीकडे एकच तारीख टाकून पाहायची. ऑफिसच्या रजेच्या अर्जात २६ पासून २६ पर्यंत लिहिलं तर एक दिवस रजा कापली जाते, म्हणजे तिथे दोन्ही टोकं धरतात. हॉटेलच्या संकेतस्थळावर तेच केलं तर शून्य रात्री होतात आणि ते बुकिंग घेतच नाही. म्हणूनच आमच्याकडे तीन रात्रींसाठी येणारे नोकरदार रजा चार दिवसांची टाकतात, मधे सुट्टी आली नाही तर.

रेल्वेचं आरक्षण तिसऱ्याच तऱ्हेचं. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी उघडतं, आणि त्या साठात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. २६ डिसेंबरला गाडी पकडून चिपळूणला यायचं असेल तर मागे मोजा: डिसेंबरचे २६, नोव्हेंबरचे ३०, झाले ५६, उरले चार. ३१ ऑक्टोबरमधून ते चार वजा केले की २७ ऑक्टोबर. त्या दिवशी सकाळी आठला तिकीट उघडतं. प्रवासाचा दिवस साठात धरून मोजणारा २८ ला सकाळी बसतो आणि नाताळच्या गर्दीत वेटिंग लिस्ट पाहतो.