न्यू जर्सीतली मुलं झोपायच्या आत गोष्ट पोहोचली पाहिजे: परदेशातल्या फॉलोअर्ससाठी पोस्टची वेळ कशी लावावी

माझी मावशी ठाण्यात नौपाड्याला राहते. बालवाडीतून निवृत्त झाल्यावर तिने इन्स्टाग्रामवर पेज काढलं आणि दर शुक्रवारी एक मराठी गोष्ट सांगायला सुरुवात केली. ऐकणारी बरीच मुलं लंडन आणि न्यू जर्सीतली. तिथल्या आयांचं मागणं एकच: गोष्ट झोपायच्या वेळेला यायला हवी. पोस्ट शेड्यूल करायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्या वर्षी मी ते दोनदा बिघडवलं. म्हणून हे लिहितोय.

आधी पेजच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर्स कुठल्या शहरांत आहेत ते बघा. नुसता देश कळून भागत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये रात्रीचे ८ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात ५ वाजलेले असतात. मग दोन, फार तर तीन शहरं ठरवा. मावशीच्या पेजसाठी आम्ही लंडनला संध्याकाळी ७:३० आणि न्यू जर्सीला रात्री ८ एवढंच धरलं. दुबईतली चार-पाच कुटुंबं आहेत, ती शनिवारी ऐकतात. सगळ्यांची सोय बघायला गेलं तर एकच गोष्ट पाच वेळा टाकावी लागते आणि लोक कंटाळतात. गोष्ट लंडनच्या वेळेला येते, न्यू जर्सीसाठी त्यांच्या रात्री फक्त आठवणीची स्टोरी लावतो.

आता ठरलेल्या वेळा आपल्या वेळेत आणायच्या. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं आणि न्यू जर्सी साडेनऊ तास. म्हणजे लंडनचे शुक्रवार संध्याकाळचे ७:३० म्हणजे आपले रात्रीचे बरोबर १२, तारीख शनिवारची. इथेच मी पहिल्यांदा फसलो. शुक्रवारची गोष्ट म्हणून कॅलेंडरवर शुक्रवार निवडला, वेळ १२ एएम टाकली, आणि गोष्ट लंडनला गुरुवारी संध्याकाळीच पोहोचली. तेव्हापासून मी मध्यरात्रीचा ठोका धरतच नाही, १२:०५ लावतो. लंडनला ७:३५ झाल्याने कुणाची झोप मोडत नाही, आणि १२:०५ दिसले की हात आपोआप तारखेकडे जातो.

दुसरी चूक जास्त नुकसान करणारी होती, कारण ती लक्षातच आली नाही. भारतात घड्याळ वर्षभर हलत नाही, पण त्यांचं हलतं. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी काटे एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. अमेरिकेत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. (ॲरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई यात नाहीत. दुबई, सिंगापूरही नाहीत, तिथला फरक कायमचा पाठ करून ठेवता येतो.)

शेड्यूल करताना आपण टाकलेली वेळ एका ठराविक क्षणाला बांधली जाते. पुढे लंडनने घड्याळ मागे घेतलं तरी तो क्षण हलत नाही. इन्स्टाग्रामवर पोस्ट ७५ दिवस आधीपर्यंत लावून ठेवता येते. गणपतीच्या सुट्टीत एका बैठकीत दिवाळीपर्यंतच्या गोष्टी लावल्या, तर दिवाळी उशिरा असलेल्या वर्षी घड्याळ मागे जाण्याचे हे दोन्ही रविवार त्यात सापडतात.

२०२६ चंच उदाहरण घ्या. ब्रिटनचं घड्याळ २५ ऑक्टोबरला बदलेल, अमेरिकेचं १ नोव्हेंबरला. २३ ऑक्टोबरच्या शुक्रवारची गोष्ट आपल्याकडे शनिवार २४ तारखेला रात्री १२:०५ ला लावायची आणि न्यू जर्सीची स्टोरी त्याच दिवशी पहाटे ५:३० ला. पुढच्या शुक्रवारी, म्हणजे ३० तारखेच्या गोष्टीसाठी, लंडनची पोस्ट १:०५ ला जाईल, पण न्यू जर्सीची स्टोरी ५:३० लाच राहील, कारण अमेरिका अजून जुन्याच वेळेवर आहे. ६ नोव्हेंबरच्या गोष्टीला मात्र लंडन १:०५ आणि न्यू जर्सी ६:३०. मी पहिल्या वर्षी सगळीकडे ५:३० च ठेवले होते, त्यामुळे नोव्हेंबरात स्टोरी तिथे संध्याकाळी ७ ला, ऐन जेवणाच्या वेळी जाऊ लागली. तक्रार कुणीच केली नाही, फक्त बघणारे कमी झाले. मावशीला वाटलं गोष्टी आवडेनाशा झाल्या!

हे हिशेब डोक्यात करू नका. संगणकावर गूगल कॅलेंडर उघडून नवीन इव्हेंट बनवा, वेळेशेजारच्या `Time zone` वर क्लिक करा आणि न्यू जर्सीसाठी `Eastern Time - New York` निवडा. मग वेळ त्यांची टाका, शुक्रवार रात्री ८, आणि दर आठवड्याला रिपीट लावा. लंडनसाठी तसाच दुसरा इव्हेंट, शुक्रवार संध्याकाळी ७:३५. आता आपल्या वेळेच्या कॅलेंडरात पुढचे आठवडे चाळलेत की तीच नोंद शनिवारी पहाटे ५:३० वर दिसेल आणि नोव्हेंबरात आपोआप ६:३० वर सरकलेली दिसेल. पोस्ट लावताना दर आठवड्याची वेळ तिथून बघून उतरवायची. फरकाचा तक्ता करून भिंतीवर चिकटवण्यापेक्षा हे बरं, कारण तक्ता कुठल्या महिन्यातला आहे हे कुणी बघत नाही.

यादीत शहराचं नाव शोधा, `EST` सारखी अक्षरं नकोत. `EST` ही न्यूयॉर्कची हिवाळ्यातली वेळ आहे, उन्हाळ्यात तिथे `EDT` चालते. उन्हाळ्यात `EST` निवडलं आणि साधनाने ते शब्दशः घेतलं, तर पोस्ट तासभर उशिरा जाते. `IST` तर भारताबरोबर इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात. पोस्टच्या मजकुरातही साधं लिहा: लंडन संध्या. ७:३५, न्यू जर्सी रात्री ८.

शेवटी, पोस्ट लावण्याआधी त्या फोनची किंवा लॅपटॉपची स्वतःची वेळ बघा. बरीच साधनं यंत्राचीच वेळ धरतात. मावशी लेकाकडे दुबईला गेली होती तेव्हा तिने स्वतः तिथून स्टोरी लावली, ५:३० च. फोन दुबईच्या वेळेवर गेलेला, त्यामुळे आपल्याकडे ७ वाजले आणि न्यू जर्सीत रात्रीचे साडेनऊ. शंका आली तर फोनच्या सेटिंगमध्ये वेळ थोडा वेळ लंडनवर नेऊन लावलेल्या पोस्टची यादी उघडा. तिथे शुक्रवार ७:३५ दिसलं की काम झालं. काही साधनांत खात्याची वेळ वेगळी ठरवलेली असते, त्यांत हा आकडा हलणारच नाही. मग खात्याच्या सेटिंगमध्ये `Asia/Kolkata` किंवा कोलकाता लिहिलेलं आहे ना, एवढं बघायचं. मुंबई त्या यादीत शोधू नका, बहुधा सापडायची नाही.

घड्याळ बदलल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मी एडिसनच्या मामेबहिणीकडून स्टोरी दिसल्या क्षणी स्क्रीनशॉट मागवतो. त्यात फोनच्या वरच्या कोपऱ्यात तिची वेळ असते.