पहिला पूर्ण मसुदा वाचल्यावर विद्यार्थ्याला लिहायचं पत्र

पीएचडीचा पूर्ण मसुदा हाती आला की मी समासात खुणा करत वाचते, पण त्या खुणा विद्यार्थ्याला लगेच देत नाही. आधी दोन पानी पत्र देते. समासात शुद्धलेखनाची चूक आणि निष्कर्षच डळमळीत करणारी त्रुटी एकाच शाईत दिसतात, आणि विद्यार्थी सोपं ते आधी दुरुस्त करत बसतो. नव्याने मार्गदर्शक झालेल्यांसाठी आणि असं पत्र पहिल्यांदा मिळणाऱ्यांसाठी एक उदाहरण सांगते.

एका विद्यार्थिनीचा प्रबंध मराठवाड्यातल्या एका पाणलोटावर होता. नाला खोलीकरण आणि सिमेंट बंधाऱ्यांमुळे भूजल किती वाढलं, हा प्रश्न. मे 2016 ते मे 2017 या काळात विहिरींची पातळी सरासरी तीन मीटरने वर आली आणि ते श्रेय कामांचं, असा तिचा निष्कर्ष होता.

पत्राच्या सुरुवातीला मी बलस्थानं लिहिली, पण ‘मेहनत दिसते’ असं मोघम नाही. लिहिलं, ‘विहिरींची मोजणी तू स्वतः, दरवेळी त्याच काठावरून आणि उपसा थांबल्यावर केलीस. तिसऱ्या प्रकरणाला आता हात लावू नकोस.’ काय बदलायचं नाही हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर घाबरलेला विद्यार्थी चांगलं प्रकरणही उसवतो.

मग मुख्य त्रुटी, एकच. ‘2015चा पावसाळा दुष्काळी होता, 2016चा चांगला. बंधारे नसते तरी पातळी वाढलीच असती. तुझ्या पाचव्या प्रकरणात पाऊस आणि बंधारा वेगळे होत नाहीत.’ उपाय तिच्याच मसुद्यात होता. कामं न झालेल्या शेजारच्या गावातल्या विहिरींच्या नोंदी तिने परिशिष्टात टाकल्या होत्या. खडक तोच, पाऊस जवळपास तेवढाच. तिथे वाढ 2.4 मीटर. म्हणजे कामांच्या वाट्याला येऊ शकते ती फार तर 0.6 मीटर. बेसाल्टचं स्पेसिफिक यील्ड, म्हणजे खडकातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचं प्रमाण, दोन टक्के धरलं तर ते 12 मिलिमीटर पाणी होतं, तीन टक्के धरलं तर 18. यील्डचा आकडा गृहीत धरलेला आहे, म्हणून दोन्ही उत्तरं दाखव, असंही लिहिलं. निष्कर्ष लहान झाला, पण परीक्षकासमोर टिकेल असा झाला.

संदर्भसूची, नकाशांची प्रमाणपट्टी, तक्त्यांचे क्रमांक यांना एकच ओळ दिली: ‘हे शेवटी.’

पत्राच्या अखेरीस मी दुरुस्त मसुदा मागत नाही. पाचवं प्रकरण कसं बदलणार, याचं एक पान मागते. पत्र नीट पोचलं की नाही ते त्यावरून कळतं. तिच्या पानात मला न दिसलेली अडचण होती. शेजारच्या गावातल्या दोन विहिरींवर उसासाठी भरपूर उपसा होता, त्यामुळे तिथली वाढ मुळातच कमी दिसत असणार. त्या दोन वगळून गणित पुन्हा मांडायचं ठरलं. समासातल्या खुणा त्यानंतर दिल्या.