अविवाहित माणसाचे वावर कोणाच्या नावावर चढते? वारस नोंदीत या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातले एक उदाहरण घेऊ. लग्न न झालेला, मूलबाळ नसलेला माणूस मृत्युपत्र न करता वारला. त्याने स्वतः विकत घेतलेले 1.20 हेक्टर वावर आहे. आई आधीच गेली. मागे म्हातारे वडील आणि एक भाऊ आहेत. बहीणही वारली आहे, पण तिची दोन मुले आहेत. गावात लगेच हिशोब होतो की वडील, भाऊ आणि भाचे यांना तिसरा-तिसरा हिस्सा. हा हिशोब चूक आहे. ते सगळे वावर एकट्या वडिलांचे.

कारण हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 मध्ये आहे. कलम 8 प्रमाणे मालमत्ता आधी वर्ग एकच्या वारसांना जाते, म्हणजे बायको, मुले, आई वगैरे. वडील त्या वर्गात नाहीत. एवढेच ऐकून काही जण वडिलांना वारसांतून काढूनच टाकतात. पण वर्ग एकमध्ये कोणी हयात नसेल तर वर्ग दोन उघडतो, आणि त्याच्या पहिल्या नोंदीत फक्त वडील आहेत. भाऊ-बहीण दुसऱ्या नोंदीत, तर भाऊ-बहिणींची मुले चौथ्या. कलम 9 सांगते की वरच्या नोंदीतला वारस असताना खालच्याला काही मिळत नाही.

दुसरी चूक भाच्यांबाबत होते. ‘मेलेल्या बहिणीच्या जागी तिची मुले येतात’ हा नियम आजोबांच्या मालमत्तेला लागू आहे, मामाच्या नाही. वडील आधीच वारले असते तर मामाचे सगळे वावर एकट्या भावाला गेले असते, भाच्यांना तेव्हाही काही नाही.

म्हणूनच मृत्यूंचा क्रम सगळ्यात आधी तपासावा, आणि तो आठवणीवर नको, मृत्यू दाखल्यांवरच्या तारखांवरून. समजा आई मुलाच्या नंतर महिनाभराने वारली. मग मुलाच्या मृत्यूच्या क्षणीच सगळे वावर आईचे झाले, तिचे नाव सातबारावर चढले असो वा नसो. तिच्यामागे कलम 15 लागते. नवऱ्याला 0.40 हेक्टर, हयात मुलाला 0.40 आणि मेलेल्या मुलीच्या दोन मुलांना मिळून 0.40, म्हणजे प्रत्येकी 0.20. एका तारखेने भाचे शून्यावरून हिस्सेदार होतात.

आता मूळ उदाहरणाकडे येऊ. वडिलांच्या नावाची नोंद व्हायच्या आत तेही वारले, तर भाऊ तलाठ्याकडे एकट्याचे नाव देऊन मोकळा होतो. इथेच भाच्यांचे नुकसान होते. वावर वडिलांचे झालेले होते, आणि त्यांनीही मृत्युपत्र केले नसेल तर ते मुलगा आणि मेलेल्या मुलीची मुले यांच्यात वाटले जाते. भावाला 0.60, दोन भाच्यांना 0.30-0.30. जावई सासऱ्याचा वारस नाही. अर्जात दोन्ही मृत्यू वेगवेगळे दाखवावेत आणि दोन टप्प्यांची नोंद मागावी.

वारसाची खबर तलाठ्याला तीन महिन्यांच्या आत द्यावी. फेरफाराची नोटीस निघाली की हरकत घ्यायला 15 दिवस असतात, हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. नोंद मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. फेरफारामुळे मालकी ठरत नाही, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. तरीही चुकीची नोंद तशीच ठेवू नये, कारण तिच्या आधारे वावर विकले जाऊ शकते.

बँकेच्या ठेवीवर भाऊ नॉमिनी असला तरी तो फक्त पैसे स्वीकारतो, पैसा वडिलांचा. वडिलांना तो भावाला किंवा नातवंडांना द्यायचा असेल तर तो त्यांचा अधिकार आहे. पण जमिनीसाठी ‘हक्कसोड’ लिहून घेऊ नका. हक्कसोड सहहिस्सेदाराच्या नावे होते आणि इथे भाऊ सहहिस्सेदारच नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे किंवा वडिलांनी मृत्युपत्र करावे.

वावर वडिलोपार्जित आणि सामाईक असेल तर आधी मृताचा हिस्सा वेगळा काढावा लागतो. वरचे नियम तेवढ्याच हिस्श्याला लागतात. बहिणीचा स्वतःचा जन्मसिद्ध हिस्सा असेल तर तो तिच्या वारसांकडे स्वतंत्रपणे राहतो.

हा कायदा बौद्ध आणि जैन कुटुंबांनाही लागू आहे. गोंड, कोरकू, कोलाम अशा अनुसूचित जमातींना मात्र कलम 2 प्रमाणे तो आपोआप लागू होत नाही. तिथे जमातीची रूढी पाहावी लागते, म्हणून वरचे हिस्से अशा कुटुंबाच्या अर्जात उतरवू नयेत.