बारा तास अभ्यास, तरी मार्क कमी: दोष वहीत सापडला

इंदूरला रामबागेत माझ्याकडे फिजिक्सला येणारी एक मुलगी नीटसाठी रोज बारा तास बसायची, पण टेस्टमध्ये मार्क काही पडेनात. मी वही मागितली. सोडवलेली उदाहरणं सुरेख अक्षरात, खाडाखोड औषधालाही नाही. मला तिथेच शंका आली.

"ही तू सोडवलीस?"

"हो सर. म्हणजे, सोल्युशन बघत बघत. समजतं सगळं."

पुस्तक मिटायला लावलं. जमिनीवर 5 किलोचा स्थिर ठोकळा, स्थैतिक घर्षण गुणांक 0.4, g 10 धर. 10 न्यूटननं आडवा ढकलला, तर घर्षण किती?

तिनं झटकन 20 न्यूटन लिहिलं.

"म्हणजे तू उजवीकडे ढकललंस की ठोकळा डावीकडे पळणार?"

आधी हसली, मग गप्प झाली. "20 ही कमाल मर्यादा ना, सर? ठोकळा हललाच नाही, तर घर्षणही 10च."

सूत्र तोंडपाठ होतं. ते कुठे लावायचं, हे मात्र दर वेळी छापील उत्तरच ठरवत होतं.

मग उत्तरावर कोरा कागद ठेवायचं ठरलं. आधी आकृती, त्यावर सगळी बलं. दहा मिनिटं अडली तर कागद एकच ओळ खाली सरकवायचा. चुकलेलं गणित तीन दिवसांनी पुन्हा, काहीही न बघता. सुरुवातीला गणितं निम्मीच व्हायची म्हणून ती वैतागायची. वही घाणेरडी दिसू लागली, आणि यांत्रिकीचे मार्क आधी वाढले. जीवशास्त्राला हा कागद तसा चालत नाही. तिथे धडा मिटवून आठवेल ते लिहायला सांगितलंय.