रजेच्या अर्जात ‘वैयक्तिक कारणास्तव’ कुठपर्यंत पुरते

वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात मला दोन वर्षे झाली होती, तेव्हा मी २६ मार्चपासून नऊ दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज दिला आणि कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच लिहिले. अर्ज त्याच दिवशी परत आला. याच दोन शब्दांवर मला नैमित्तिक रजा अनेकदा कोणताही प्रश्न न होता मिळाली होती, त्यामुळे या वेळी आपल्यावर अविश्वास दाखवला जात आहे असे वाटून मी दुखावलो.

वरिष्ठांची बाजू मला नंतर समजली. नैमित्तिक रजा एक-दोन दिवसांची असते, शिल्लक असते, आदल्या दिवशी कळवलेली असते आणि तिच्यामुळे कोणाचे काम अडत नाही. तिथे कारण जाणून घेऊन मंजूर करणाऱ्याच्या निर्णयात काहीच बदलत नाही, म्हणून तिथे ‘वैयक्तिक’ पुरते. ३१ मार्चच्या हिशेबबंदीत मात्र आमच्या विभागाच्या रजा लेखी सूचनेने बंद असत. माझ्याकडे चौदा दिवस शिल्लक होते हे खरे, पण मी त्या सूचनेला अपवाद मागत होतो, आणि अपवाद द्यावा की नाही हे कारण तोलल्याशिवाय ठरवता येत नाही. तेव्हापासून अर्ज लिहिण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो, की यात मी नेहमीच्या नियमापेक्षा जास्त काही मागतो आहे का? पूर्वसूचनेची मुदत टळलेली असेल, शिल्लक अपुरी असेल किंवा बंद काळातली रजा हवी असेल, तर तपशील विचारणे रास्त असते.

चवथीच्या दिवसांत हे विशेष जाणवते. विभागातल्या सहाही जणांना तेच दिवस हवे असतात आणि दोघांनाच सोडता येते. अशा वेळी ‘घरचा गणपती दीड दिवसाचा असून पूजेला मीच बसतो’ हे एक वाक्य लिहिणाऱ्याची निकड दिसते, तर केवळ ‘वैयक्तिक’ लिहिणारा स्वतःची बाजू मांडायचीच ठेवतो.

मी अर्ज पुन्हा लिहिला, तो असा: ‘माझ्या आईची शस्त्रक्रिया बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ठरली असून तिची तारीख मला बदलता येत नाही. घरात तिच्याजवळ राहणारा मी एकटाच आहे. बँक ताळमेळाचे काम २५ मार्चपर्यंत पूर्ण करून उरलेली कागदपत्रे सहकाऱ्याकडे सोपवीन.’ यावर वरिष्ठांनी आजार कोणता, असे विचारले. तेव्हा मी रुग्णालयाचा दाखल होण्याचा कागद दाखवला, पण निदानाची ओळ झाकून. त्यांना लागणाऱ्या गोष्टी म्हणजे तारीख, कालावधी, नाते आणि दुसरा पर्याय नसणे. आजाराचे नाव कळून त्यात काही भर पडणार नव्हती. हे मी शांतपणे सांगितले आणि त्यांनी ते मानले. सहकाऱ्यांना मी फक्त तारखा कळवल्या, कारण विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेले कारण नंतर परत घेता येत नाही.

स्वतःच्या आजारपणाची रजा वेगळी, कारण त्या रजेची अटच आजारपण ही असते. तिथे ‘वैयक्तिक’ लिहिले तर ती वैद्यकीय रजा ठरतच नाही. खासगी नोकरीत सामान्यतः डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामास असमर्थ’ एवढे असले तरी चालते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला कावीळ किंवा विषमज्वर झाला असेल तर आजाराचे स्वरूपही सांगावे लागेल, कारण संसर्गजन्य आजार असताना अन्न हाताळता येत नाही. गोवा शासनाच्या सेवेत केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ पाळले जातात. त्यांतील वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नमुन्यातच आजार लिहायची जागा आहे आणि अशा रजेवरून परत येताना तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. तिथे गुप्तता कागद कोणाच्या हाती देता यावर अवलंबून असते, म्हणून तो बंद पाकिटात आस्थापना शाखेकडे द्यावा.

नवे लोक प्रश्न आला की घाबरून एखादे कारण रचतात, दूरच्या नातेवाईकाचे निधन वगैरे. कारण न सांगितल्याने फार तर रजा नाकारली जाते. खोटे कारण उघडकीस आले तर ते गैरवर्तन ठरू शकते आणि मग चर्चा रजेची उरत नाही. ‘कौटुंबिक वैद्यकीय कारण आहे, अधिक तपशील फक्त मनुष्यबळ विभागाला देईन’ हे वाक्य खरे असते आणि बहुतेक ठिकाणी पुरते.

माझी रजा मंजूर झाली, पण नवाऐवजी सात दिवसांची. शेवटचे दोन दिवस मी आईजवळ बहिणीला बसवून कामावर हजर झालो.